परीक्षकांच्या टिप्पण्यांना मुद्देसूद उत्तर कसे द्यावे: मांडवीच्या गाळावरील एका शोधनिबंधाच्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात भूशास्त्र, सागरविज्ञान किंवा पर्यावरण या विषयांत पीएचडी करणाऱ्यांसाठी हे पान आहे. नियतकालिकाकडून ‘मेजर रिव्हिजन’ असा निर्णय आल्यावर पद्धतीबाबतचा आपला मुळात योग्य असलेला निर्णय नम्रपणे कसा राखायचा, हा इथला मुख्य मुद्दा आहे. त्यासाठी शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतले आहे. मांडवीच्या खाडीतला वरचा गाळ आणि एक गाळाचा कोअर तपासला, त्यात मँगनीज वाढलेले दिसले आणि त्याचा संबंध खनिज उत्खनन व बार्ज वाहतुकीशी जोडला, असा शोधनिबंध समजा. नमुन्यांचे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्यक्ष उत्तर इंग्रजीत जाते; इथले मसुदे आशय आणि सूर दाखवण्यासाठी मराठीत दिले आहेत.

टिप्पण्या हाती आल्यावर सुरुवात कुठून करावी?

टिप्पण्या सुट्या करण्यापासून. परीक्षक बहुधा एका परिच्छेदात तीन-चार गोष्टी सांगून जातात. ‘नमुने कमी वाटतात, पावसाळ्यातले नमुने नाहीत आणि लोहाने प्रमाणीकरण का केले नाही हे कळत नाही’ या एका वाक्यात तीन मागण्या आहेत. त्याला एकच गोळाबेरीज उत्तर दिले, की एखादी मागणी हमखास सुटते आणि दुसऱ्या फेरीत परीक्षक नेमकी तीच पकडतात. म्हणून प्रत्येक मागणीला क्रमांक द्या: परीक्षक १, मुद्दा ३ म्हणजे ‘१.३’. परीक्षकांनी स्वतः क्रमांक दिले असतील तर तेच ठेवा आणि पोटभागांना ‘१.३ अ’, ‘१.३ आ’ म्हणा.

मग प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा: पूर्ण मान्य, अंशतः मान्य, की अमान्य. ‘अमान्य’ हा शेरा फार ठिकाणी आला असेल तर उत्तर लिहायला बसू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा, की पद्धतीचे एखादे स्पष्टीकरण निबंधातच नाही आणि त्या एका उणिवेतून सगळे आक्षेप निघाले आहेत.

एका मुद्द्याच्या उत्तराची रचना कशी असावी?

आधी परीक्षकाची टिप्पणी शब्दशः, तिचा सारांश नको. सारांश केला की मुद्दा सौम्य करून घेतल्याचा संशय येतो. त्याखाली पहिल्याच वाक्यात निकाल सांगा: बदल केला, अंशतः केला, की पूर्वीचाच निर्णय ठेवला. मग कारण द्या. शेवटी निबंधात नवे काय लिहिले ते वाक्य जसेच्या तसे उतरवा आणि ओळ क्रमांक द्या.

निकाल शेवटी ठेवण्याची सवय अनेकांना असते. दीड पान पार्श्वभूमी आणि मग ‘म्हणून आम्ही बदल केलेला नाही’. तोवर संपादकाला आपण मुद्दा टाळत आहोत असे वाटलेले असते. संपादक हे उत्तर भराभर चाळतात, त्यामुळे पहिले वाक्य एकटे वाचले तरी निर्णय कळला पाहिजे.

वादग्रस्त निवडीचा बचाव प्रत्यक्षात कसा लिहावा? एखादे पूर्ण उदाहरण द्याल का?

समजा परीक्षक १ लिहितात: ‘खाडीच्या गाळात प्रमाणीकरणासाठी लोह सर्रास वापरले जाते. लेखकांनी ॲल्युमिनियम वापरले आहे. संवर्धन गुणांक लोहाने पुन्हा काढावेत.’

आधी आक्षेपाला मान द्यायला हवा, कारण तो निराधार नाही. गाळ बारीक असला की धातू जास्त चिकटतात. कणांच्या आकाराचा हा परिणाम काढून टाकण्यासाठी धातूला चिकणमातीबरोबर जाणाऱ्या एखाद्या मूलद्रव्याने भागतात आणि जगातल्या पुष्कळ खाड्यांत लोह हे काम नीट करते. अट एवढीच, की ते मूलद्रव्य स्वतः मानवी कारणाने वाढलेले नसावे. मांडवीत ही अट मोडते. या नदीच्या खोऱ्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि खनिज बार्जमध्ये भरून याच पात्रातून नेले जाते. ज्या खनिजाची भर तपासायची, त्यातल्याच लोहाला भाजक केले तर वाढ लपते.

हे नुसते सांगू नका, आकड्यांनी दाखवा. एका नमुन्यात मँगनीज २,४०० पीपीएम, ॲल्युमिनियम ७.२ टक्के आणि लोह ११.५ टक्के आहे असे धरा. संदर्भ म्हणून भूकवचाच्या वरच्या थराची रुडनिक आणि गाओ यांनी २००३ मध्ये दिलेली सरासरी घ्या: मँगनीज ७७४ पीपीएम, ॲल्युमिनियम ८.१५ टक्के, लोह ३.९२ टक्के. संवर्धन गुणांक, म्हणजे EF, असे येतात:

```
EF(Al) = (2400 / 7.2)  / (774 / 8.15) = 3.5
EF(Fe) = (2400 / 11.5) / (774 / 3.92) = 1.06
```

नमुना तोच, मँगनीज तेच. ॲल्युमिनियमने साडेतीन पट वाढ दिसते, लोहाने जवळजवळ शून्य. परीक्षकाला पटवणारी गोष्ट ही आहे. कोणी कोणी ॲल्युमिनियम वापरले याची लांब यादी नव्हे.

आता उत्तराचा मसुदा:

‘लोहाने काढलेले गुणांक आम्ही पूरक तक्त्यात जोडले आहेत, मुख्य मजकुरात मात्र ॲल्युमिनियमचे प्रमाणीकरण कायम ठेवले आहे. अभ्यासक्षेत्रात लोहखनिजाचे उत्खनन आणि वाहतूक होत असल्याने लोह हे तटस्थ मूलद्रव्य मानता येत नाही. दोन्ही पद्धतींतला फरक तक्त्यात दिसतो (मँगनीजसाठी ३.५ आणि १.०६). हे कारण मूळ मसुद्यात स्पष्ट नव्हते. ते आता पद्धती विभागात, ओळी १४२ ते १४८ मध्ये दिले आहे.’

परीक्षकाने मागितलेली आकडेमोड इथे करून दिली आहे, पण निष्कर्ष तिच्यावर टेकवलेला नाही. वादात हा मार्ग फार उपयोगी पडतो. परीक्षकाचे म्हणणे तपासले गेले हे त्याला दिसते आणि मूळ निवड का बरोबर हे तपासणीतूनच कळते. दुसरे, ‘स्पष्ट नव्हते’ हा दोष मसुद्याकडे घेतला आहे. तो खराही आहे, कारण कारण लिहिलेले असते तर प्रश्न आला नसता.

म्हणजे ॲल्युमिनियमवर आक्षेप येऊच शकत नाही?

येतो, आणि जाणकार परीक्षक तो घेतोच. गोव्याची माती जांभ्याची. जांभा तयार होताना सिलिका वाहून जाते आणि लोहाबरोबर ॲल्युमिनियमही मागे साचते. त्यामुळे मांडवीच्या खोऱ्यातून येणाऱ्या मातीतली मूळ गुणोत्तरे जागतिक सरासरीसारखी असतील असे धरता येत नाही. ॲल्युमिनियमची निवड टिकते, पण तुलनेसाठी घेतलेली जागतिक सरासरी टिकत नाही.

इथे माघार घ्यावी आणि ती मोकळेपणाने घ्यावी. सरासरी कोणती घेतली यावरही आकडे किती हलतात ते क्रोमियमवरून दिसते: टेलर आणि मॅक्लेनन यांच्या १९८५ च्या सरासरीत क्रोमियम ३५ पीपीएम आहे, रुडनिक आणि गाओ यांच्या २००३ च्या सरासरीत ९२. संदर्भ बदलताच क्रोमियमची ‘वाढ’ अडीच पटीहून जास्त बदलते.

यावर उपाय स्थानिक संदर्भाचा. कोअरच्या तळाचे थर खाणकामाच्या आधीचे असतील तर त्यांचीच गुणोत्तरे घ्या. ‘खोल आहे म्हणून जुना’ एवढे पुरत नाही. शिसे-२१० चा अर्धायुष्यकाळ सुमारे २२ वर्षे असल्याने त्याने साधारण १०० ते १५० वर्षांपर्यंतचा काळ मोजता येतो. गाळ ढवळलेला नसेल आणि तळाशी अतिरिक्त शिसे-२१० उरलेले नसेल, तर तो थर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेल्या खाणकामाच्या आधीचा म्हणता येतो. समजा तळाशी मँगनीज १,३०० पीपीएम आणि ॲल्युमिनियम ९.० टक्के मिळाले. मग गुणांक ३.५ वरून २.३ वर येतो. वाढ उरते, पण लहान होते. उत्तरात दोन्ही आकडे द्या आणि गोषवाऱ्यातला आकडा बदला. इथे ३.५ ला चिकटून राहिलात तर लोहाच्या मुद्द्यावर मिळवलेला विश्वासही जाईल.

मँगनीज गाळात आपोआप वर सरकते, असे परीक्षक म्हणतात. याला काय उत्तर द्यावे?

हा आक्षेप अमान्य करण्याजोगा नाही. गाळात खाली ऑक्सिजन संपतो तिथे मँगनीजची ऑक्साइडे विरघळतात, विरघळलेले मँगनीज कणांमधल्या पाण्यातून वर येते आणि ऑक्सिजन मिळताच पुन्हा बसते. म्हणजे एकही बार्ज गेली नाही तरी वरच्या थरात मँगनीज वाढलेले दिसू शकते.

कोअरचा आलेख बघा. वाढ फक्त वरच्या काही सेंटिमीटरमध्ये टोकदार शिखरासारखी असेल तर परीक्षकाचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. वाढ बऱ्याच जाडीच्या थरात पसरलेली असेल, तिच्याबरोबर लोह आणि ॲल्युमिनियम यांचे गुणोत्तरही वाढलेले असेल आणि कालगणनेत ती खाणकामाच्या काळाशी जुळत असेल, तर बाहेरून आलेल्या भरीचा दावा उभा राहतो. तरीही वाक्य सौम्य करा: ‘खाणकामामुळे मँगनीज वाढले’ ऐवजी ‘मँगनीजची वाढ खाणकामाच्या काळाशी सुसंगत आहे; वरच्या थरातला काही भाग पुनर्वितरणाचा असू शकतो’. क्ष-किरण विवर्तनात हेमॅटाइट आणि गोएथाइट दिसले, हा पुरावा म्हणून पुढे करू नका. ती खनिजे जांभ्यातही असतात आणि इथला भूगोल जाणणारा परीक्षक ते लगेच दाखवून देईल.

परीक्षक पावसाळ्यातले नमुने मागतात. हातात दोन महिने आहेत आणि पावसाळा उलटून गेला आहे. नकार कसा द्यावा?

‘वेळ नाही’, ‘निधी संपला’, ‘होडी मिळत नाही’ ही कारणे खरी असली तरी त्यांच्यावर बचाव उभा करू नका. संपादकाला विचारायचे असते एवढेच, की या नमुन्यांशिवाय निष्कर्ष टिकतो का?

वरच्या २ सेंटिमीटरचा गाळ घेतला असेल आणि कोअरवरून गाळ बसण्याचा वेग वर्षाला अर्धा सेंटिमीटर निघाला असेल, तर त्या नमुन्यात साधारण चार वर्षांचा, म्हणजे चार पावसाळ्यांचाही गाळ आहे. ओहोटी-भरती आणि गाळातले जीव तो मिसळत असल्याने वर्षे वेगळी काढता येत नाहीत, पण नमुना एका ऋतूचाच आहे असेही म्हणता येत नाही. आक्षेपाचा बराच भाग यानेच सुटतो. पाण्यातल्या तरंगत्या कणांबद्दल निबंधात काही दावा असेल तर मात्र हे उत्तर चालत नाही. तो दावा काढावा किंवा फक्त कोरड्या ऋतूपुरता ठेवावा.

मसुदा: ‘मोसमी बदलाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण नवे नमुने या आवृत्तीत जोडलेले नाहीत. गाळ बसण्याच्या मोजलेल्या वेगानुसार वरच्या २ सेंटिमीटरमध्ये सुमारे चार वर्षांचा गाळ आहे, त्यामुळे गाळाबद्दलचे निष्कर्ष एका ऋतूवर अवलंबून नाहीत. तरंगत्या कणांबद्दलची दोन वाक्ये वगळली आहेत आणि ही मर्यादा ओळी ४१० ते ४१५ मध्ये नोंदवली आहे.’

याच ठिकाणी स्थानिक माहिती निबंधात घालायची संधी असते. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढतो आणि बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीकडे वळवल्या जातात. तसेच २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले होते. दूरदेशीच्या परीक्षकाला हे माहीत असण्याचे कारण नाही. नमुने कोणत्या तारखेचे आणि त्या वेळी वाहतूक चालू होती की बंद, हे निबंधातच हवे. उत्तरपत्रात परीक्षकाला जे समजावले, त्याचे किमान एक वाक्य निबंधात गेलेच पाहिजे. पुढच्या वाचकाला उत्तरपत्र दिसणार नसते.

सगळेच मान्य करून टाकले तर निबंध लवकर स्वीकारला जाणार नाही का? गाईड सर तसेच सुचवतात.

भाषा, आकृत्या, संदर्भ, मांडणी यांबाबत सरांचे म्हणणे योग्य आहे. तिथे वाद घालू नये. पण पद्धतीचा गाभा बदलला तर पुढचे सगळे बदलावे लागते. वरच्या उदाहरणात लोहाचे प्रमाणीकरण मान्य केले असते तर मँगनीजचा गुणांक १.०६ झाला असता आणि चर्चा मात्र ‘लक्षणीय वाढ’ म्हणत राहिली असती. दुसरा परीक्षक ही विसंगती पकडतो आणि तेव्हा बचावाला काहीच उरत नाही. सरांशी बोलताना हे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवा.

असहमती दाखवताना शब्द कोणते वापरावेत, कोणते टाळावेत?

‘परीक्षकांचा गैरसमज झाला आहे’, ‘हे सर्वज्ञात आहे’, ‘आधीच स्पष्ट लिहिले आहे’ ही तीन वाक्ये मसुद्यात शोधा आणि काढा. त्यांच्या जागी अनुक्रमे ‘आमच्या मांडणीतून असा अर्थ निघू शकतो’, प्रत्यक्ष कारण, आणि ‘हे ओळ ९८ मध्ये होते, ते सहज दिसावे म्हणून उपविभागाच्या सुरुवातीला आणले आहे’ असे लिहा.

अतिनम्रताही अडचणीची. प्रत्येक मुद्द्याला ‘या अत्यंत मोलाच्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार’ लिहिले, की खरोखर उपयोगी सूचनेला दिलेले श्रेय त्यात बुडते. सुरुवातीला एकदा सर्वांचे आभार आणि पुढे ज्या सूचनेने निबंध सुधारला तिथे नेमके काय सुधारले ते सांगा: ‘स्थानिक संदर्भ घेण्याच्या सूचनेमुळे वाढीचा अंदाज ३.५ वरून २.३ असा सुधारला.’ परीक्षकाला आपल्या कामाचे मोल यातून जास्त कळते.

आणि असहमती थेट लिहा. ‘कदाचित असे म्हणता येऊ शकेल असे आम्हाला वाटते’ यातून काहीच कळत नाही. ‘आम्ही ॲल्युमिनियम कायम ठेवले आहे, कारण…’ हे वाक्य सभ्यही आहे आणि स्पष्टही.

नमुने ऍक्वा रिजियात विरघळवले होते. परीक्षक हायड्रोफ्लुओरिक आम्लाने पूर्ण विद्रावण मागतात. बचाव करता येतो का?

ॲल्युमिनियमने प्रमाणीकरण केले असेल तर नाही. ऍक्वा रिजिया सिलिकेटची जाळी पूर्ण फोडत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा काही भागच बाहेर येतो. भाजक कमी झाला की गुणांक फुगतो, आणि तो पूर्ण मूल्यांच्या जागतिक सरासरीशी ताडला तर तुलनाच चुकते. प्रमाणित संदर्भ पदार्थातली ॲल्युमिनियमची वसुली तपासा; ती १०० टक्क्यांच्या बरीच खाली असेल तर तेच उत्तर आहे. राखून ठेवलेल्या भुकटीचे पूर्ण विद्रावण करून घ्या आणि त्यासाठी मुदत वाढवून मागा. हे आम्ल अत्यंत घातक आहे. योग्य धुरकक्ष, टेफ्लॉनची भांडी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसलेल्या प्रयोगशाळेत ते करू नये. संदर्भाची मूल्येही त्याच ऍक्वा रिजिया पद्धतीने, त्याच कोअरच्या तळातून काढली असतील, तरच मर्यादित बचाव शक्य आहे.

दोन परीक्षकांची मते परस्परविरुद्ध असतील तर?

एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला गप्प करू नका. दोन्ही ठिकाणी एकमेकांचा क्रमांक द्या: ‘परीक्षक २ यांनी मुद्दा २.४ मध्ये हा विभाग वाढवण्यास सुचवले आहे.’ मग आपण काय केले ते सांगा आणि संपादकाला लिहिलेल्या स्वतंत्र पत्रात हा विरोध दोन ओळींत दाखवून द्या. निर्णय संपादकाचा असतो.

परीक्षक स्वतःचेच वाटणारे पाच-सहा निबंध उद्धृत करायला सांगतात.

प्रत्येक वाचा. विषयाशी जुळणारे असतील ते घ्या, उरलेल्यांबद्दल ‘पाहिले, ते आमच्या प्रश्नाशी थेट संबंधित नसल्याने समाविष्ट केलेले नाहीत’ एवढे पुरते. निव्वळ उद्धरणे वाढवण्यासाठी परीक्षकांनी स्वतःचे काम सुचवू नये, असे प्रकाशन-नीतीवरील ‘कोप’ या संस्थेचे मार्गदर्शनही सांगते. पण उत्तरपत्रात परीक्षकावर आरोप करू नका. मागणी उघड अवाजवी असेल तर ती संपादकाला खासगी पत्रात कळवा.

ओळ क्रमांक जुळत नाहीत अशी तक्रार येते. का?

बदल दाखवणाऱ्या प्रतीत खोडलेल्या ओळीही मोजल्या जातात आणि सबमिशनची यंत्रणा पीडीएफ बनवताना पाने पुन्हा मांडते. कोणत्या प्रतीचे क्रमांक देत आहात ते उत्तरपत्राच्या पहिल्या ओळीत लिहा आणि क्रमांक सर्वांत शेवटी, यंत्रणेने बनवलेला पीडीएफ उघडून भरा. टिप्पणी काळी आणि उत्तर निळे अशा रंगांवर विसंबू नका. काही यंत्रणा उत्तर साध्या मजकुराच्या चौकटीत घेतात आणि रंग जातात, म्हणून ‘टिप्पणी १.३’, ‘उत्तर १.३’ असे शब्द हवेतच.

मुदत कधी वाढवून मागावी?

संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कारण आणि नवी तारीख देऊन. मुदत उलटल्यावर काही यंत्रणा निबंध नवा म्हणून नोंदवतात, आणि मग परीक्षकही नवे मिळू शकतात.

दुसऱ्या फेरीतही परीक्षक लोहावरच अडून राहिले तर?

तेच उत्तर मोठ्या आवाजात पुन्हा देऊ नका. नवा पुरावा असेल तरच भर घाला, उदाहरणार्थ ॲल्युमिनियमऐवजी लिथियमने काढलेले गुणांक. ॲल्युमिनियम आणि लिथियम दोन्हींनी वाढ दिसत असेल आणि फक्त लोहाने नाहीशी होत असेल, तर दोष लोहात आहे हे दिसते. यानंतरही मतभेद राहिला तर संपादकाला लिहा: ‘या मुद्द्यावर परीक्षक आणि आम्ही वेगळ्या मतांवर आहोत. तिन्ही प्रमाणीकरणांचे निकाल पूरक तक्त्यात आहेत आणि निवडीची मर्यादा ओळी १४९ ते १५२ मध्ये नोंदवली आहे. मुख्य मजकुरात कोणता तक्ता असावा याबाबत आपला निर्णय आम्हाला मान्य राहील. लोहाचा तक्ता ठेवल्यास त्याखाली खनिज वाहतुकीची टीप राहू द्यावी, एवढी विनंती.’